टॅबमधलं सिम मुकं का असतं?

मोबाइलच्या दुकानात जाऊन कुणी म्हणालं, ‘टॅबसाठी डेटा सिम द्या,’ तर दुकानदार बहुतेक वेळा ड्रॉवरमधून तेच पाकीट काढतो, जे तो फोनसाठी काढतो. आधार तोच, बोटाचा ठसा तोच, दहा आकडी नंबरही तसाच. गिऱ्हाइकाला वाटतं, याला फरकच कळला नाही. पण दुकानदार तसा चुकत नसतो. डेटा सिम आणि बोलायचं सिम यांच्यातला फरक त्या प्लॅस्टिकच्या तुकड्यात नसतोच.

सिमच्या चिपमध्ये मुख्यतः दोन गोष्टी असतात. एक म्हणजे तुमचा ग्राहक क्रमांक. हा दहा आकडी फोन नंबर नव्हे, तर नेटवर्कला ओळखण्यापुरता असलेला वेगळा क्रमांक. दुसरी म्हणजे एक गुप्त किल्ली, जिच्या जोरावर ते सिम ‘मी तोच आहे’ हे टॉवरमागच्या यंत्रणेला पटवून देतं. तुम्हाला बोलता येईल का, एसएमएस पाठवता येईल का, नेट मिळेल का आणि किती, हे सगळं कंपनीच्या ग्राहक-नोंदवहीत तुमच्या नावापुढे लिहिलेलं असतं. रेशनकार्डासारखंच आहे हे: कार्ड सगळ्यांकडे असतं, पण कुणाला किती धान्य मिळायचं ते नोंदीवर ठरतं. नोंदीत फक्त ‘नेट’ असेल तर ते डेटा-ओन्ली सिम. ‘नेट, कॉल, एसएमएस’ असेल तर व्हॉइस सिम. उद्या कंपनीने नोंद बदलली, तर सिम न बदलता तुमची सेवा बदलते.

आपल्याकडे अशा निव्वळ डेटाच्या जोडण्या मुख्यतः तीन ठिकाणी दिसतात: कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना घेऊन देतात ती कार्डं, खिशातल्या हॉटस्पॉट यंत्रांसाठी दिलेली सिमं आणि काही पोस्टपेड फॅमिली प्लॅनमधलं जादा सिम. बाकी टॅबमध्ये आणि लॅपटॉपमध्ये जाणारी बहुतेक सिमं साधी, बोलायचीच असतात. त्यांना तिथे बोलता येत नाही, ते यंत्रामुळे. म्हणजे मुकेपणाची कारणं दोन: एकतर नोंदीत आवाज नाही, नाहीतर यंत्राला आवाज नाही. टॅब किंवा लॅपटॉप घेऊन बसलेल्या माणसाची जी धांदल उडते, ती ही दोन कारणं एकमेकांत मिसळल्यामुळे.

यासाठी फोरजीवर कॉल कसा जातो ते थोडं बघावं लागेल. टूजी-थ्रीजीच्या काळात आवाजासाठी नेटवर्कमध्ये स्वतंत्र वाट होती. कॉल लागला की दोन टोकांमध्ये ती वाट तेवढ्यापुरती राखून ठेवली जायची. फोरजी मात्र मुळातच फक्त डेटासाठी बांधलेलं जाळं आहे. त्यात ती जुनी वाट नाहीच. म्हणून आवाजाचेही तुकडे करून ते डेटासारखेच पाठवावे लागले. हेच व्होल्टी. पण हा आवाज तुमच्या यूट्यूबच्या गर्दीतून जात नाही. फोन सुरू झाला की तो नेटवर्ककडे दोन वेगळ्या जोडण्या मागतो: एक इंटरनेटसाठी आणि दुसरी कंपनीच्या कॉल-यंत्रणेसाठी. या दुसऱ्या जोडणीवरून फोन आपली नोंदणी करतो, आणि मगच वर कोपऱ्यात ‘VoLTE’ ही अक्षरं उमटतात. कॉलच्या वेळी त्या जोडणीला रांगेत पुढचा मान मिळतो. त्यामुळे टॉवरवर गर्दी असली तरी आवाज सहसा तुटत नाही.

डेटा-ओन्ली सिमच्या नोंदीत ही दुसरी जोडणी नसते. फोनने मागितली तरी नेटवर्क ती नाकारतं. इथे एक गंमत आहे, जी दुकानातही फारशी कुणी सांगत नाही. मोबाइल जाळ्याच्या मानकांत प्रत्येक यंत्राला एक स्वभाव दिलेला असतो: यंत्र ‘आवाज आधी’ मानणारं असतं किंवा ‘डेटा आधी’ मानणारं. फोन पहिल्या प्रकारात मोडतो. फोरजीवर आपल्याला बोलता येणार नाही असं त्याला कळलं, तर तो फोरजी सोडून खाली, बोलता येईल अशा जुन्या नेटवर्ककडे जायला बघतो. टॅब आणि लॅपटॉपमधलं मॉडेम दुसऱ्या प्रकारातलं. आवाज मिळो न मिळो, ते फोरजीवर ठाण मांडून बसतं. म्हणून असं होऊ शकतं, की डेटा-ओन्ली सिम टॅबमध्ये झकास चालतं आणि तेच सिम हौसेने फोनमध्ये घातलं की नेट रांगायला लागतं. वर ‘4G’ ऐवजी ‘E’ दिसू लागतं, किंवा रेंज येते-जाते. मग माणूस सिम खराब आहे म्हणून गॅलरीत जाऊन भांडतो. सिम चांगलंच असतं. फोन आपल्या स्वभावाप्रमाणे आवाज शोधत भटकत असतो.

उलटा प्रकार जास्त नेहमीचा. बोलायचं सिम आयपॅडमध्ये घातलं, तर नेट लगेच सुरू होतं, कारण आयपॅड आवाज मागतच नाही. मात्र त्या नंबरवर कुणी फोन लावला, तर त्याला नंबर बंद आहे किंवा संपर्कात नाही असं ऐकू येतं. आयपॅडवर फोन वाजतो असं कुणी सांगितलं, तर तो वाजतो जवळच्या आयफोनच्या जिवावर किंवा फेसटाइमसारख्या अ‍ॅपवर. त्यातल्या सिमचा त्यात हात नसतो. अँड्रॉइड टॅबमध्ये मात्र दोन्ही जाती आहेत. आपल्या बाजारात सिमवाल्या बऱ्याच टॅबना साध्या फोनसारखा कॉल करता येतो. ओळखायची खूण सोपी आहे: हिरव्या रिसीव्हरचं मूळचं फोन अ‍ॅप टॅबमध्ये आहे का ते बघायचं. विकत घेताना खोक्यावर नुसतं ‘LTE’ किंवा ‘5G’ लिहिलेलं पुरत नाही. ‘व्हॉइस कॉलिंग’ आहे का हे वेगळं विचारावं लागतं.

कॉल गेले तर फारसं बिघडत नाही, खिशात फोन असतोच. खरी अडचण एसएमएसची. आयपॅडला सिमवर आलेला साधा एसएमएस दाखवताच येत नाही. लॅपटॉपवर तो पोचला तरी वाचायला धड जागा नसते. आणि आपल्या देशात तर निम्मे व्यवहार एसएमएसवर उभे आहेत. त्या नंबरचं रिचार्ज संपत आल्याचा निरोप एसएमएसने. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये त्या नंबरने शिरायचं तर ओटीपी एसएमएसने. व्हॉट्सअ‍ॅप त्या नंबरवर उघडायचं तरी ओटीपी एसएमएसने किंवा कॉलने, म्हणजे दोन्ही दारं बंद. यूपीआयची गोष्ट याहून पुढची आहे. नोंदणी करताना ते अ‍ॅप तुमच्या सिममधून बँकेच्या बाजूला आपणहून एक एसएमएस पाठवतं आणि त्यावरून ‘हा नंबर याच यंत्रात आहे’ हे पक्कं करतं. एसएमएस पाठवू न शकणाऱ्या टॅबवर ती नोंदणी पहिल्याच पायरीवर थांबते. अशा वेळी अ‍ॅप काढून पुन्हा घालणं, टॅब बंद करून चालू करणं हे सगळे उपाय वाया जातात. आणि एक गोष्ट गंभीर आहे: ज्या टॅबला कॉल नाही त्यावरून ११२ लागत नाही. घाटात एकट्याने गाडी चालवणाऱ्याने ‘टॅब आहे ना सोबत’ या भरवशावर फोनची बॅटरी संपू देऊ नये.

यावरचा उपाय साधा आहे. नवीन सिम आधी एखाद्या जुन्या फोनमध्ये घालायचं. सुरू करून घ्यायचं, पडताळणीचा कॉल असेल तर तो उरकायचा, कंपनीच्या अ‍ॅपमध्ये हा नंबर आपल्या नेहमीच्या नंबराच्या खात्याला जोडता येत असेल तर जोडून ठेवायचा, आणि फोनच्या सेटिंगमधूनच त्या नंबराचे कॉल नेहमीच्या नंबरवर वळवून टाकायचे. मग सिम टॅबमध्ये. पुढचं रिचार्ज तुमच्या फोनवरून कुठल्याही पेमेंट अ‍ॅपने तो नंबर टाकून होतं. त्यासाठी टॅबला हात लावावा लागत नाही.

माझी मावसबहीण अपघातग्रस्त गाड्यांची विमा-पाहणी करते. कऱ्हाडहून पाटण, कोयनानगर, कधी खाली चिपळूण. गॅरेजमध्ये उभं राहून फोटो काढायचे, तिथेच लॅपटॉपवर चढवायचे आणि संध्याकाळच्या आत अहवाल पाठवायचा, असा तिचा दिवस. तिने जुना पण दणकट असा कार्यालयीन वापराचा लॅपटॉप विकत घेतला. त्याच्या बाजूला सिमची खाच होती. तिने सिम सरकवलं. काहीच झालं नाही. सिम बदललं, कंपनी बदलली, तरी ढिम्म.

अशा लॅपटॉपची एक खोड आहे. बाहेरचा सांगाडा सगळ्यांचा एकच बनतो, त्यामुळे सिमची खाच असते. पण आतलं मोबाइल मॉडेमचं कार्ड मात्र जादा पैसे मोजणाऱ्यालाच मिळतं. जाहिरातीत याला ‘WWAN ready’ म्हणतात. त्याचा अर्थ इतकाच, की कार्ड बसवायला जागा आहे आणि बहुधा पडद्याच्या कडेने अँटेनाच्या तारा ओढून ठेवलेल्या आहेत. सिम वाचणारा कुणी आत नाहीच. विंडोजमध्ये हे तपासायला मिनिटही लागत नाही. कमांड प्रॉम्प्ट उघडून एवढंच लिहायचं:

```
netsh mbn show interfaces
```

मॉडेम असेल तर त्याचा बनवणारा, मॉडेल आणि पंधरा आकडी आयएमईआय समोर येतो. नसेल तर यादीत मॉडेमचं नावच नसतं. Settings मध्ये Network & internet खाली ‘Cellular’ हा शब्द न दिसणं हीसुद्धा तीच खूण. बहिणीच्या लॅपटॉपमध्ये तो नव्हता. जुना लॅपटॉप घेणाऱ्याने ही तपासणी पैसे देण्याआधी, दुकानातच करावी.

कार्ड नंतर बसवता येतं, पण दोन गोष्टी बघून. काही कंपन्यांचे लॅपटॉप आपण मंजूर केलेलीच मॉडेम कार्डं स्वीकारतात. दुसरं कार्ड घातलं की चालू होतानाच तक्रार करून अडून बसतात. म्हणून त्या नेमक्या मॉडेलला कुठलं कार्ड चालतं ते आधी शोधायचं. दुसरं म्हणजे, परदेशातून आलेलं कार्ड आपल्याकडच्या सगळ्या लहरींवर चालेलच असं नाही. आपल्याकडे फोरजी मुख्यतः ८५०, ९००, १८००, २१०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर आहे, म्हणजे यंत्राच्या माहितीपत्रकात बँड ५, ८, ३, १ आणि ४० दिसायला हवेत. शहरात एखादा बँड नसला तरी निभावतं. पाटणच्या पुढे डोंगरात मात्र कमी मेगाहर्ट्झच्या लहरीच लांबवर पोचतात. त्या नसतील तर शेजारच्याच्या फोनला रेंज आणि आपला लॅपटॉप कोरडा. बहिणीने मंजूर यादीतलं कार्ड आणवलं. मागचं झाकण उघडून ते खोबणीत बसवलं आणि अँटेनाच्या दोन बारीक तारा त्याच्या टोप्यांवर दाबल्या. तारा आधीपासून ओढलेल्या होत्या, हे तिचं नशीब. त्या नसत्या, तर पडदा सोडवावा लागला असता.

मग सिम ओळखलं गेलं, वर कंपनीचं नावही आलं, रेंजच्या काड्या भरल्या, तरी नेट नाही. ही तक्रार डेटा सिमच्या बाबतीत फार ऐकू येते. फोनमध्ये कंपनीच्या जाळ्याचं ‘दार’ कुठलं ते आपोआप भरलं जातं. लॅपटॉपमध्ये आणि काही टॅबमध्ये ते स्वतः लिहावं लागतं. या दाराच्या नावाला एपीएन म्हणतात. जिओसाठी `jionet`, एअरटेलसाठी `airtelgprs.com`, व्हीआयसाठी `www` आणि बीएसएनएलसाठी `bsnlnet`. विंडोजमध्ये Cellular च्या पानावर मोबाइल ऑपरेटरच्या सेटिंगमध्ये नवीन एपीएन जोडायची सोय आहे. युजरनेम-पासवर्ड रिकामे ठेवायचे. ऑफिसने दिलेलं सिम असेल तर मात्र ही नावं चालतीलच असं नाही. कंपन्यांसाठी कधीकधी खासगी दार असतं आणि ते नाव ऑफिसच्या आयटी विभागालाच ठाऊक असतं. काड्या भरलेल्या आणि नेट शून्य असेल, तर संशय आधी एपीएनवर, मग संपलेल्या पॅकवर. काड्याच नसतील तर गोष्ट वेगळी: तिथे बँड, सिम किंवा अँटेना.

नेट सुरू झालं आणि तिसऱ्याच दिवशी बहिणीचा फोन आला: सकाळी दहा वाजता दिवसाचा डेटा संपला. तिने दिवसाला दीड जीबीचा नेहमीचा पॅक मारला होता. फोनला तो पुरतो. लॅपटॉपला नाही, कारण लॅपटॉप आपल्या पाठीमागे पुष्कळ काही करत असतो. फोटोंचा ढीग क्लाउडवर चढवणं, अँटिव्हायरसची नवी यादी आणणं, बंद न केलेल्या टॅबमधली पानं ताजी करणं. तिचं स्वतःचं काम बघितलं तर चार-चार एमबीचे पंचवीस फोटो म्हणजे १०० एमबी, आणि अर्ध्या तासाच्या एका व्हिडिओ कॉलला साधारण अर्धा जीबी. दीड जीबीत हे सहज बसतं. पण तिने काढलेले फोटो दोनदा चढत होते, एकदा विमा कंपनीच्या संकेतस्थळावर आणि एकदा आपोआप क्लाउडवर, आणि क्लाउडने मागचे सगळे जुने फोटोही त्याच दिवशी पुढे ढकलायला घेतले होते. कोटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने चार एमबीचा एक फोटो चढायला आठ मिनिटांहून जास्त लागतात. गॅरेजवाला तेवढा वेळ उभा राहत नाही.

सिमवाल्या लॅपटॉपचा मोठा फायदा इथेच आहे. आत सिम असलं की विंडोजला कळतं, हे मोजून-मापून मिळणारं नेट आहे. ते आपणहून या जोडणीला ‘metered’ मानतं आणि मोठे अपडेट थांबवून ठेवतं. त्याच लॅपटॉपला फोनच्या हॉटस्पॉटने नेट दिलं तर विंडोजला बहुतेक वेळा वाटतं, घरचंच वायफाय आहे, आणि ते खुशाल काही जीबींचं अपडेट ओढत बसतं. हॉटस्पॉट वापरणाऱ्याने त्या वायफायच्या नावावर टिचकी मारून ‘Metered connection’ स्वतः चालू करावं. सिम असो की हॉटस्पॉट, क्लाउडची फोटो-पाठवणी मात्र बऱ्याचदा वेगळी थांबवावी लागते. बहिणीने ती थांबवली आणि दुपारपर्यंत पुरणारा डेटा रात्रीपर्यंत पुरू लागला. तरी लॅपटॉपला रोजच्या कोट्यापेक्षा एकगठ्ठा डेटाच सोयीचा, असं माझं मत. तिचं काम सोमवारी शून्य आणि गुरुवारी चार जीबी असं असतं. रोजच्या कोट्यात सोमवारचा डेटा वाया जातो आणि गुरुवारी हात बांधले जातात.

एकगठ्ठा म्हटलं की प्रीपेडवाले ‘डेटा व्हाउचर’कडे वळतात, आणि तिथे फसतात. बहुतेक डेटा व्हाउचर मूळ पॅकच्या डोक्यावर बसणारी असतात. मूळ पॅक चालू नसेल तर ती लागत नाहीत, किंवा लागली तरी चालत नाहीत. म्हणजे टॅबसाठी कॉलची गरज नसताना कॉलसकटचा मूळ पॅक घ्यावाच लागतो. ट्रायने २०२४च्या डिसेंबरमध्ये कंपन्यांना नेट नको असलेल्यांसाठी निव्वळ कॉल-एसएमएसचा पॅक ठेवणं बंधनकारक केलं. कॉल नको असलेल्यांसाठी त्या आदेशात असं काही नाही. म्हणून घरात आधीच पोस्टपेड असेल तर त्याचं जादा सिम टॅबला घेणं बऱ्याचदा स्वस्त पडतं. डेटा सगळ्यांत वाटला जातो, बिल एक येतं आणि रिचार्जची आठवण ठेवावी लागत नाही. पण त्या सिमला वेगळी मर्यादा आहे का, की एकट्या लॅपटॉपने अख्ख्या घराचा डेटा खाल्ला तरी चालेल, हे आधी विचारून घ्यावं.

सिम घेऊन ड्रॉवरमध्ये टाकलं तर काय होतं तेही सांगतो. प्रीपेड नंबर ९० दिवस कुठल्याच प्रकारे वापरला नाही आणि बॅलन्स वीस रुपयांच्या खाली असला, तर कंपनी तो बंद करू शकते. डेटा वापरणं हाही वापरच, त्यामुळे तीन महिन्यांतून एकदा टॅब उघडून थोडं नेट चालवलं की नंबर जिवंत राहतो. अर्थात, पॅक असेल तर. शिवाय टॅबचं सिम तुमच्या नावावरच्या सिमांच्या मोजणीत धरलं जातं. एका माणसाला नऊ सिमांची मर्यादा आहे. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडच्या राज्यांत सहा. विसरलेलं सिम तुमच्या नावावर आहे का, हे संचार साथीच्या संकेतस्थळावर दिसतं.

इतकं करण्यापेक्षा हॉटस्पॉट काय वाईट, हा प्रश्न रास्त आहे. आठवड्यातून दोनदा तासभर लॅपटॉप लागणाऱ्याने वेगळं सिम घेऊ नये. मात्र एक अडचण माहीत असावी. फोनचा कॉल फोरजीवर न जाता टूजीवर उतरला, तर कॉल चालू असेपर्यंत त्या फोनचं नेट थांबतं, आणि हॉटस्पॉटवर बसलेला लॅपटॉपही. फोनमध्ये व्होल्टी चालू ठेवलं आणि फोरजीची रेंज टिकली, तर असं होत नाही. टूजीवरच रेंज मिळते अशा गावात होतं. ज्याला फोनवर बोलत-बोलतच लॅपटॉपवर काम करावं लागतं, त्याला वेगळं सिम त्या दिवशी वसूल होतं. माझ्या बहिणीने आता टॅबही सिमचाच घ्यायचं ठरवलं आहे, आणि त्यामागे डेटापेक्षा वेगळं कारण आहे: आयपॅडमध्ये जीपीएस फक्त सिमवाल्या प्रकारातच असतं, नुसत्या वायफायवाल्यात नसतं. अपघाताची जागा नकाशावर नोंदवायला तिला ते हवं.

पण २०२४ पासून आयपॅड प्रो आणि आयपॅड एअर यांना सिमची खाचच नाही, फक्त ई-सिम. तिथे तोच एसएमएसचा तिढा नव्या वेषात येतो. ई-सिमची मागणी करायला त्याच नंबरवरून एसएमएस करावा लागतो किंवा ओटीपी यावा लागतो, म्हणजे आधी साधं सिम फोनमध्ये, मग आयपॅडच्या सेटिंगमधला बत्तीस आकडी ईआयडी नीट उतरवून मागणी, आणि आलेला क्यूआर कोड दुसऱ्या कुठल्यातरी पडद्यावर उघडून आयपॅडच्या कॅमेऱ्यासमोर धरायचा. ई-सिम चढलं की फोनमधलं साधं सिम बंद पडतं. म्हणून कॉल वळवणं, नंबर कंपनीच्या अ‍ॅपमध्ये जोडणं, हे सगळं तो कोड स्कॅन करायच्या आधीच उरकलेलं बरं.